क्रियापदाच्या टोकाचा 'स'

भाची आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा दप्तरात मराठीची वही होती आणि वहीत एक वाक्य होतं : 'धावत आलेला मुलगा पायरीवर बसून रडू लागला होता.' खाली सूचना होती, क्रियापद अधोरेखित करा. तिने पेन्सिलीने सहा रेघा मारल्या होत्या. धावत, आलेला, बसून, रडू, लागला, होता.

"मावशी, सगळीच क्रिया आहे की यात," ती म्हणाली. "धावणं क्रिया, बसणं क्रिया, रडणं क्रिया. मग एकच रेघ कशी मारायची?"

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. 'क्रिया दाखवणारा शब्द म्हणजे क्रियापद' एवढीच व्याख्या हातात असेल, तर सहाही रेघा बरोबर ठरतात. पूर्वी शाळेत 'व्याकरण चालवा' असा प्रश्न असे. त्याला पदपरिस्फोट हे भारदस्त नाव आहे. वाक्यातला एकेक शब्द घ्यायचा आणि तो कोणत्या जातीचा, त्याचं लिंग-वचन काय, वाक्यात त्याचं काम काय, हे सांगायचं. मी कितीतरी वर्षं मुलांकडून व्याकरण चालवून घेतलं आणि बहुतेक मुलं अडखळायची ती याच ठिकाणी. नाम सापडतं, विशेषण सापडतं, पण क्रियेचे शब्द एकापाठोपाठ एक येऊन उभे राहिले की कोणाला काय म्हणायचं ते कळेनासं होतं.

घोटाळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे. क्रियापदाची दोन कामं असतात आणि मराठीत ती अनेकदा दोन वेगवेगळ्या शब्दांवर सोपवलेली असतात. काय घडलं ते सांगणं हे पहिलं काम. ते कोणी केलं आणि केव्हा, याच्याशी वाक्य बांधून ते पुरं करणं हे दुसरं काम. 'मुलगा रडला' या वाक्यात एकच शब्द दोन्ही कामं करतो. 'मुलगा रडू लागला होता' यात मात्र काय घडलं ते 'रडू' सांगतो आणि वाक्य पुरं करतो तो 'होता'. 'मुलगा रडू' एवढंच म्हणून थांबलं, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. म्हणजे मुख्य अर्थ एका शब्दात आणि वाक्याची गाठ दुसऱ्या शब्दात. मुलांना आपण 'क्रियापद शोधा' म्हणतो, तेव्हा यातलं काय शोधायचं हे बहुतेक वेळा सांगितलेलंच नसतं.

शाळेच्या पुस्तकांत यासाठी नावं आहेत, आणि ती चांगली नावं आहेत. 'जा', 'कर', 'रड' हे धातू. धातूला प्रत्यय लागून वाक्य पुरं करणारा शब्द झाला, तर ते क्रियापद. प्रत्यय लागूनही क्रिया अपुरी राहिली आणि तो शब्द नामासारखा, विशेषणासारखा किंवा अव्ययासारखा वावरू लागला, तर ते धातुसाधित. 'आलेला' मुलाचं विशेषण होऊन बसलंय, 'बसून' अव्यय आहे. धातुसाधिताला धरून उभं राहणारं आणि त्याची क्रिया पुरी करणारं ते सहायक क्रियापद. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली आलं, मोरो केशव दामल्यांचं मोठं शास्त्रीय व्याकरण 1911 साली. आपल्या शालेय व्याकरणाची बरीचशी परिभाषा या परंपरेतून आली आहे. पण नाव माहीत असणं वेगळं आणि वाक्यात तो शब्द बोट ठेवून दाखवता येणं वेगळं. त्यासाठी चाचणी लागते.

माझी चाचणी सोपी आहे. वाक्यातला कर्ता बदलून तिथे 'तू' घालायचा आणि कोणत्या शब्दाच्या टोकाला 'स' चिकटतो ते बघायचं.

तो जातो, तू जातोस. तो गेला, तू गेलास. ती आहे, तू आहेस. हा 'स' मराठीत फार विश्वासू आहे. संस्कृतात 'असि', 'गच्छसि' यांच्या शेवटी जो 'सि' आहे, त्याच्याशी याचं नातं. तो फक्त वाक्य पुरं करणाऱ्या शब्दालाच लागतो. 'जाऊन'ला लागत नाही, 'जाताना'ला नाही, 'गेलेला'ला नाही, 'जाणारा'ला नाही. 'जाऊनस' किंवा 'गेलेलास' असं कोणी म्हणणार नाही, आणि का म्हणत नाही हे चार वर्षांच्या मुलालाही शिकवावं लागत नाही. कानाला आधीच माहीत असलेली गोष्ट डोळ्यांसमोर आणायची, एवढंच.

भाचीने स्वतःच वाक्य फिरवून बघितलं. "धावत आलेला तू पायरीवर बसून रडू लागला होतास." ऐकायला जरा विचित्र वाटलं, पण 'स' कुठे बसला ते स्वच्छ दिसलं. धावत तसाच राहिला, आलेला तसाच, बसून आणि रडू तसेच. 'लागला'ही तसाच. फक्त 'होता'चा 'होतास' झाला. तिने पाच रेघा खोडल्या.

इथे एक बारकी गोष्ट सुटू देऊ नये. 'लागला' एकटा असता तर 'स' त्यालाच मिळाला असता : तू रडू लागलास. 'होता' आला आणि तो 'स' पुढे सरकला. तू गेलास, पण तू गेला होतास. तू आलास, पण तू आला नाहीस. तू येतोस, पण तू येत नाहीस, येऊ शकत नाहीस. शब्द वाढत जातात तसतसा 'स' हातातून हातात जातो आणि शेवटच्या सहायकापाशी येऊन थांबतो. म्हणून 'गेला होता' यातल्या 'गेला'ला मी धातुसाधितासारखं वागवते. एकटा असताना तो वाक्य पुरं करू शकतो, जोडीला कोणी आलं की ते काम तो सोडून देतो.

'मी' घालून हीच चाचणी का करत नाही, असं कोणी विचारेल. कारण 'मी' फसवतो. मी गेलो होतो, मी आलो होतो, इथे दोन्ही शब्द कर्त्याप्रमाणे बदललेले दिसतात आणि गाठ नेमकी कुठे मारली आहे ते कळत नाही. 'तू'च्या बाबतीत 'स' दोनदा येत नाही. 'तू गेलास होतास' असं प्रमाण मराठीत होत नाही.

दुसरा फायदा आणखी मोलाचा. मराठीत भूतकाळात क्रियापद अनेकदा कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. खाणारी मी एकच, पण क्रियापदाचं लिंग-वचन आंब्या-पोळीचं. 'क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं' एवढंच पाठ केलेली मुलं इथे गोंधळतात. पण 'तू' घाला : तू आंबा खाल्लास, तू पोळी खाल्लीस, तू आंबे खाल्लेस. लिंग-वचन कर्माचं राहिलं आणि 'स' मात्र 'तू'साठी शेवटी येऊन बसलाच. 'तू पोळी खाल्ली होतीस' म्हटलं की तो पुन्हा पुढे सरकतो.

या लिंगाचीही एक कथा आहे. 'गेला, गेली, गेलं' असं क्रियापदाला लिंग का असावं? संस्कृतातल्या 'गच्छति'ला लिंग नाही, पण 'गतः, गता, गतम्' यांना आहे, कारण ती कृदन्तं आहेत, मूळची विशेषणं. आपला 'गेला' त्या 'गत'च्या वंशातला. 'करतो, करते' हीसुद्धा 'करत' असलेला, 'करत' असलेली अशा जुन्या धातुसाधितातून आलेली रूपं. एकेकाळची धातुसाधितं शतकांच्या वापरात वाक्य पुरं करू लागली आणि क्रियापदं झाली, पण विशेषणाचं लिंग त्यांच्या अंगावर राहून गेलं. 'करीन, करशील, करील' यांना लिंग नाही, कारण ती थेट जुन्या क्रियापदांतून आली आहेत. तेव्हा मुलं 'आला' आणि 'आलेला' यांत गोंधळतात यात नवल नाही. दोघे सख्खे भाऊ आहेत. एकाने वाक्याची जबाबदारी घेतली, दुसरा नामाच्या आधी जाऊन बसला.

अशी एकाच तोंडवळ्याची रूपं मराठीत बरीच आहेत, आणि सरावाच्या वाक्यांत चुका होतात त्या इथेच. प्रत्यय बघून जात ठरवण्याची सवय लागलेली असते. '-त आहे म्हणजे धातुसाधित' असं मुलं लिहून मोकळी होतात. ही दोन वाक्यं बघा. 'मुले नदीवर जात आहेत.' 'त्या काळी मुले नदीवर पोहायला जात.' दोन्हीकडे 'जात' आहे. आता मुले ऐवजी मुलगा घाला. पहिलं वाक्य होतं 'मुलगा नदीवर जात आहे'. 'जात' हललाच नाही. दुसरं वाक्य होतं 'त्या काळी मुलगा नदीवर पोहायला जाई'. 'जात'चा 'जाई' झाला. म्हणजे दुसऱ्या वाक्यातला 'जात' हे पुरं क्रियापद आहे. नेहमी घडणारी जुनी गोष्ट सांगणारं हे रूप आता बोलण्यात फारसं येत नाही, पण जुन्या आठवणी आणि गोष्टींमध्ये पानोपानी भेटतं. तिथे सहायक शोधत बसलं तर सापडणार नाही, कारण तो नाहीच.

'करू'चंही तसंच. 'ती काम करू लागली' यात 'करू' धातुसाधित. 'आपण उद्या काम करू' यात तेच अक्षर न् अक्षर क्रियापद. आपण ऐवजी मी घातला तर 'मी उद्या काम करीन' होतं, रूप बदलतं. आणि 'करावं' बघा. 'त्याने काम करावं' यात क्रियापद, कारण 'तू काम करावंस' असं होतं. 'त्याला काम करावं लागतं' यात धातुसाधित. 'तुला काम करावंस लागतं' असं कोणी म्हणत नाही. 'तू मला आधी सांगायचंस ना!' असं आपण रागावून म्हणतो, तेव्हा 'सांगायचं' क्रियापद असतं. 'तुला काहीतरी सांगायचं आहे' यात तेच धातुसाधित होतं. प्रत्यय बघून जात सांगू नये, वाक्यात घालून हलवून बघावं, हे मी मुलांना फळ्यावर या जोड्या लिहूनच दाखवत असे.

'तुला' आलं म्हणून आठवलं. 'तू'ची चाचणी इथे अडते. मला जायचं आहे, त्याला पोहता येतं, तिला उठावं लागलं, अशा वाक्यांत करणाऱ्याला 'ला' लागलेला असतो. 'मला'चं 'तुला' केलं तरी क्रियापद जागचं हलत नाही आणि 'स' येत नाही. तिथे काळ बदलून बघावा. वाक्याला काल, आज, उद्या असं फिरवायचं आणि सगळ्यांत आधी कोणता शब्द बदलावा लागतो ते बघायचं. मला जायचं आहे, मला जायचं होतं, मला जायचं असेल. 'जायचं' ढिम्म, फिरला तो पुढचा शब्द. त्याला पोहता येतं, पोहता येत होतं, पोहता येईल. 'पोहता' तसाच. काळ ज्याच्या अंगावर दिसतो, तो वाक्य पुरं करणारा शब्द.

काळाची चाचणी आणखी एका कारणाने हाताशी असलेली बरी. वऱ्हाडात आणि इतरही कितीतरी ठिकाणी 'तू कधी आला?' असंच म्हणतात, 'आलास' म्हणत नाहीत. त्या मुलांच्या कानात हा 'स' नसतो. त्यांना 'चूक बोलतोस' म्हणून गप्प करण्याची गरज नाही, त्यांच्या बोलीचा तो नियम आहे. त्यांच्यासाठी चाचणी बदलावी. 'आलेला पाहुणा गेला' हे वाक्य उद्यावर न्या : 'आलेला पाहुणा जाईल'. 'आलेला' तसाच राहिला, 'गेला'चा 'जाईल' झाला. बोली कोणतीही असो, काळ सगळ्यांच्या कानात असतो.

आता मुख्य शब्द कोणता, या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येते. वाक्य पुरं करणारा सापडला की तो सहायक आहे की स्वतःच मुख्य आहे, हे ठरवायचं राहतं. 'ती घरी होती' यात 'होती' हेच सगळं काही आहे. 'ती शिकवत होती' यात 'होती' फक्त काळ सांगतो, घडतं ते शिकवणं. इथवर मुलं चटकन येतात. कसोटी लागते ती टाकणे, बसणे, घेणे, देणे, जाणे, सुटणे असल्या शब्दांपाशी. ते कधी आपल्या खऱ्या अर्थाने येतात, तर कधी अर्थ बाजूला ठेवून दुसऱ्या क्रियेला नुसता हातभार लावतात.

'त्याने पत्र फाडून टाकलं.' इथे क्रिया एक की दोन? 'टाकलं'ला प्रश्न विचारा : कुठे टाकलं? 'फाडून केराच्या टोपलीत टाकलं' असं उत्तर असेल, तर फाडणं एक आणि टाकणं दुसरं. मग 'टाकलं' हेच मुख्य क्रियापद आणि 'फाडून' हे आधी घडलेली क्रिया सांगणारं अव्यय. पण पत्राचे तुकडे अजून टेबलावरच पडले असतील आणि 'फाडून टाकलं'चा अर्थ 'एकदाचं फाडलं' एवढाच असेल, तर क्रिया एकच. तेव्हा मुख्य अर्थ 'फाडून'मध्ये, 'टाकलं' सहायक, आणि दोघं मिळून संयुक्त क्रियापद. वाक्य एकच, शब्द तेच, आणि उत्तर प्रसंगावर ठरतं. सरावाच्या वहीत प्रसंग दिलेला नसतो, तेव्हा दोन्ही उत्तरं कारणासकट मान्य करावीत असं माझं ठाम मत आहे.

'बसणे'साठी याहून पक्का पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. 'स्टॉपवर तासभर उभी राहून बसची वाट बघत बसले,' असं आपण बिनदिक्कत म्हणतो. उभीही राहिले आणि बसलेही, आणि कोणाला खटकत नाही. याचा अर्थ 'बसले'मधलं बसणं निघून गेलं आहे, उरलं आहे ते बराच वेळ चाललेलं, कंटाळवाणं काहीतरी. 'सांगत सुटला'मध्ये कोणी बांधलेलं नसतं, 'हसू लागली'मध्ये काही लागत नाही. शब्दाच्या खऱ्या अर्थाला सरळ विरोध करणारी गोष्ट त्याच वाक्यात घालून बघायची. वाक्य मोडलं नाही तर तो शब्द सहायक.

तरीही काही जागा उघड्या राहतात. 'मी दार उघडलेलं होतं' यात 'उघडलेलं होतं' ही माझी क्रिया. 'मी गेले तेव्हा दार उघडलेलं होतं' यात 'उघडलेलं'च्या जागी 'उघडं' घालता येतं, म्हणजे ते दाराची अवस्था सांगणारं विशेषण झालं आणि 'होतं' मुख्य क्रियापद झालं. आणि 'तो उद्या येणार' यात वाक्य पुरं करणारा शब्दच नाही. 'आहे' अध्याहृत आहे, म्हणजे मनात धरलेला आहे. 'तू येणार?' म्हणताना 'स' दिसत नाही, 'तू येणार आहेस?' म्हटलं की लगेच दिसतो. अशा वेळी वहीत कंसात 'आहे' लिहून त्याखाली रेघ मारावी. बोलण्यातले 'करतोय', 'गेलाय', 'येणारेस' हे शब्द तर दोन शब्द एकात मिसळून झालेले. आधी ते उकलून 'करतो आहे', 'गेला आहे', 'येणार आहेस' असे लिहावेत आणि मग खुणा कराव्यात.

'म्हणून'चाही एक शब्द. 'येतो म्हणून गेला' यात कोणीतरी काहीतरी म्हटलं आहे, तेव्हा ते धातुसाधित. 'पाऊस होता म्हणून थांबलो' यात कोणी काही म्हटलेलं नाही. तिथे ते उभयान्वयी अव्यय, त्याला हात लावू नये.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पुढचा धडा वाक्यांच्या प्रकारांचा असतो आणि तो याच मोजणीवर उभा आहे. 'तू आलास तर मी निघेन' यात वाक्य पुरं करणारे शब्द दोन, म्हणून ते मिश्र वाक्य. 'तू आल्यावर मी निघेन' यात एकच, म्हणून केवल वाक्य. सांगितलेली गोष्ट जवळपास एकच आहे. 'आलास'चं 'आल्यावर' झालं आणि अख्खं उपवाक्य धातुसाधितात आवळलं गेलं. ज्याला ही मोजणी येत नाही, तो वाक्याची लांबी बघून प्रकार सांगतो आणि चुकतो.

भाचीला मी शेवटी एक वाक्य लिहून दिलं. आदल्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरात घडलेलं. 'दूध तापत ठेवून फोन घ्यायला गेलेली आई बोलत बसली आणि परत येईपर्यंत सगळं दूध उतू गेलं होतं.' खुणा ठरवून घेतल्या होत्या. क्रियेच्या प्रत्येक शब्दाभोवती आधी गोल काढायचा. वाक्य पुरं करणाऱ्याचा गोल पुसून खाली रेघ मारायची. मुख्य अर्थाच्या शब्दावर फुली करायची.

दहा गोल झाले : तापत, ठेवून, घ्यायला, गेलेली, बोलत, बसली, येईपर्यंत, उतू, गेलं, होतं. मग तिने 'तू' घातला. "दूध तापत ठेवून फोन घ्यायला गेलेली तू बोलत बसलीस." पहिली रेघ 'बसली'खाली. दुसऱ्या भागात कर्ता दूध, त्याला 'तू' म्हणणं काही जमेना, म्हणून काळ फिरवला. "उतू गेलं होतं, उतू गेलं असेल." 'होतं' बदललं, 'उतू' आणि 'गेलं' तसेच राहिले. दुसरी रेघ तिथे. रेघा दोन, दोघांमध्ये 'आणि', म्हणजे संयुक्त वाक्य.

'येईपर्यंत'पाशी ती थबकली. "हा तर मघाच्या 'जाई'सारखा दिसतो. क्रियापद नसेल ना?" मी म्हटलं, कर्ता बदलून बघ. "ती येईपर्यंत, ते येईपर्यंत, मी येईपर्यंत, तू येईपर्यंत." कोणीही आलं तरी तो शब्द तोच. गोल कायम राहिला.

फुल्या राहिल्या. 'उतू'वर फुली तिने लगेच मारली. दूध कुठे गेलं नव्हतं, उतलं होतं. 'उतणे-मातणे'मधला उतणे तो हाच. 'गेलं'ने फक्त झालं ते होऊन गेलं असं सांगितलं, 'होतं'ने वेळ. तिघं मिळून एक क्रिया, अर्थ पहिल्यात, गाठ शेवटच्यात.

'बोलत बसली'वर मात्र पेन्सिल हवेतच राहिली. फुली 'बोलत'वर की 'बसली'वर? आई खरोखर खुर्चीवर बसून बोलली असेल, तर बसणं खरं. मी काही सांगणार तेवढ्यात ती उठून स्वयंपाकघरात गेली. आई ओटा पुसत होती. काहीतरी विचारलं, परत आली, आणि 'बोलत'वर फुली मारून वही माझ्यापुढे सरकवली.

"फोन चार्जिंगला लावला होता," ती म्हणाली. "आई भिंतीपाशी उभी होती."